कान कोणाचा, हात कोणाचा?

शब्दांच्या पोटात : भाग 9

मागच्या भागाच्या शेवटी एक अर्धी म्हण दिली होती : ‘कानामागून आली आणि...’. सातवीच्या आमच्या वर्गात ती फळ्यावर लिहिली, तेव्हा दोन उत्तरे माझ्या मनात राहिली. एका मुलाने लिहिले ‘पुढे गेली’. एका मुलीने लिहिले ‘मिरची झाली’. उत्तरपत्रिकेत दोघांनाही शून्य मिळाले असते, पण ही दोन शून्ये सारखी नाहीत.

‘पुढे गेली’ लिहिणाऱ्याला म्हणीचा लाक्षणिक अर्थ पक्का ठाऊक आहे. मागून आलेल्याने आधीच्यांवर वरचढ होणे, हेच तर ही म्हण सांगते. त्याला आठवत नाहीत ते शब्द. ‘मिरची’वालीला ‘तिखट झाली’ हा शेवट अर्धवट आठवतो आहे. तिखट म्हटल्यावर तिच्या डोळ्यांपुढे डब्यातले लाल तिखट आले आणि ती मिरचीवर जाऊन पोचली. तिला अडवले ते शब्दशः अर्थाने.

तो अर्थ असा. गाई-म्हशीच्या वासराला जन्मतः कान असतात, शिंगे नसतात. ती पुढे हळूहळू फुटतात, म्हणजे कानांच्या नंतर येतात, आणि शेवटी टोकदार होतात. जुन्या मराठीत ‘तिखट’ म्हणजे धारदार, अणकुचीदार. ज्या लाल मिरचीची पूड आपण आज ‘तिखट’ म्हणून फोडणीत घालतो, ती तर पोर्तुगीजांच्या मागोमाग आपल्याकडे आली. म्हणीतले तिखट चवीचे नाही, टोकाचे आहे. काही घरांत ही म्हण ‘कानामागून आलं आणि तिखट झालं’ अशीही ऐकू येते. त्या नपुंसकलिंगी रूपात ‘शिंग’ अजून लपून बसले आहे. मुलीला वासराची गोष्ट सांगितली, तेव्हा ती म्हणाली, “म्हणजे बाई, ‘आली’ म्हणजे कुठली बाई नाहीच?” नाहीच. पण आज आपण ही म्हण धाकट्या जावेला किंवा नव्याने आलेल्या सहकारी बाईंना उद्देशून वापरतो, तेव्हा ते रूप बिनबोभाट स्त्रीलिंगी होऊन बसते.

पूर्ण करण्याच्या प्रश्नाने शब्द तपासले जातात, तर ‘जोड्या लावा’ या प्रश्नाने अर्थ. निदान तसे व्हायला हवे. प्रत्यक्षात जोड्या बऱ्याचदा नीट बेतलेल्या नसतात. अ गटात ‘कानाडोळा करणे’, ‘कानामागे टाकणे’ आणि ब गटात एकाच गोष्टीचे दोन नमुने, ‘दुर्लक्ष करणे’ आणि ‘लक्ष न देणे’, अशी जोडी मी छापील सरावसंचात पाहिली आहे. मुलाने कशाला काय जोडायचे? त्यातून दोन्ही गटांत पाच-पाच नोंदी असल्या, की चार जोड्या येणाऱ्याला पाचवी फुकट मिळते. म्हणून ब गटात नेहमी दोन अर्थ जास्तीचे ठेवावेत. आजचा सराव तसाच आहे.

अ गट : 1) कान टोचणे 2) कानाला खडा लावणे 3) कानावर हात ठेवणे 4) कान भरणे 5) कानामागे टाकणे

ब गट : क) सांगितलेले मनावर न घेणे ख) एकाच्या मनात दुसऱ्याविषयी वाईट भरवणे ग) उत्सुकतेने ऐकू लागणे घ) पुन्हा तसे न करण्याचे ठरवणे च) आपल्याला काही माहीत नाही असे सांगणे छ) तेच तेच ऐकून कंटाळणे ज) चूक स्पष्टपणे दाखवून देणे

पाठांतराने हे सुटेल, पण मी मुलांना एकच प्रश्न विचारायला लावते : कान कोणाचा आणि हात कोणाचा?

पहिला वाक्प्रचार घ्या. कान टोचणारा सोनार. तो पाळीवर आधी शाईचा ठिपका देतो, दोन्ही कानांचे ठिपके समोरून एका रेषेत आहेत का ते पाहतो आणि मग सोन्याची बारीक तार आरपार नेऊन तिथेच वळवतो. बाळ किंचाळते, पण आई त्याला सोनाराच्या हातून काढून घेत नाही, कारण दुखणे क्षणाचे आणि दागिना जन्माचा. कान दुसऱ्याचा, हात जाणत्याचा, हेतू भल्याचा. म्हणून ‘आजोबांनी दादाचे कान टोचले’ यात दादाची चूक त्याला दाखवून दिली आहे, त्याचा अपमान केलेला नाही. ‘सोनारानेच कान टोचावेत’ ही म्हणही इथलीच. सांगणाराही त्या अधिकाराचा हवा. जोडी 1–ज. ‘कान उपटणे’ यात मात्र सोनार नाही, शिक्षा आहे, आणि रागही.

आता खडा. कानाच्या पाळीला खडा लावून चिमटीत दाबून पाहा, कळ थेट डोक्यात जाते. इथे कान आपलाच आणि हातही आपलाच. ‘उधारीवर माल द्यायचा नाही, असा मी कानाला खडा लावला’ हे बरोबर; ‘बाईंनी माझ्या कानाला खडा लावला’ हे शब्दशः घडू शकेल, पण तो वाक्प्रचार उरत नाही. जोडी 2–घ. आणि खड्याच्या जागी ‘दगड’ चालत नाही, अर्थ तोच असला तरी. वाक्प्रचारातला शब्द बदलला की तो साधे वाक्य होऊन बसतो.

तिसऱ्यातही कान आणि हात दोन्ही आपलेच, पण हात कान झाकायला आहेत. ऐकलेच नाही, तर जबाबदारी कसली? विचारल्यावर ‘मला काय ठाऊक’ म्हणणारा कानांवर हात ठेवतो. 3–च. इथे कोणीतरी विचारणारा लागतोच. पाचव्याला सांगणारा लागतो : आई चार वेळा सांगते, आपण ते ऐकतो आणि डोक्यात न घेता मागे सोडून देतो. 5–क. कानाडोळ्याला यांपैकी कोणीच लागत नाही, समोर घडणारी गोष्ट दिसली की पुरे. मुलाची चोरटी कॉपी पाहूनही पर्यवेक्षक खिडकीबाहेर बघतात, तो कानाडोळा. तिन्हींपुढे ‘दुर्लक्ष करणे’ लिहून मोकळे होणे मला पटत नाही.

‘कान भरणे’ या वाक्प्रचाराला तीन माणसे लागतात : भरणारा, ज्याचे कान भरले जातात तो आणि ज्याच्याविषयी बोलले जाते तो. तिसरा समोर नसतो, यातच त्या वाक्प्रचाराची सगळी कडवट चव आहे. 4–ख. त्याचा सख्खा भाऊ ‘कान फुंकणे’. त्याचा शब्दशः अर्थ पवित्र आहे : गुरू शिष्याच्या कानाशी तोंड नेऊन मंत्र देतो. त्याच कृतीतून एकीकडे ‘कानमंत्र’ हा चांगला शब्द निघाला आणि दुसरीकडे चिथावणीचा हा वाक्प्रचार. वाच्यार्थ माहीत असला म्हणजे लक्ष्यार्थ हाती येतोच, असे म्हणूनच मी मुलांना कधी सांगत नाही. प्रत्येक वेळी वाक्यात घालून पाहावे लागते : वाक्प्रचार काढून त्या जागी अर्थ ठेवला, तर वाक्य उभे राहते का?

राहिलेले दोन अर्थ, ग आणि छ, कानाच्याच दुसऱ्या दोन वाक्प्रचारांचे आहेत. पहिल्यासाठी दाराची कडी वाजल्यावर कुत्र्याकडे बघा. दुसऱ्याचे क्रियापद मळाशी नाते सांगते. दोन्ही पूर्ण लिहा, प्रत्येकाचे एक वाक्य करा आणि वाक्याखाली कान कोणाचा तेही लिहा.