पेटी कधी उघडायची?

देवगडजवळ माझ्या मामेभावाची हापूसची बाग आहे. सहा-सात वर्षांपूर्वी त्याने वाशीच्या बाजारात पाठवायचा निम्मा आंबा वळवून थेट पुण्यातल्या घरांना द्यायला सुरुवात केली. पहिल्या वर्षी मीच त्याला ऑनलाइन ऑर्डरचा अर्ज बनवून दिला होता. त्यात नाव, पत्ता, फोन आणि किती डझन एवढे रकाने होते. त्याने तो बघितला आणि म्हणाला, "खावचो कधी, तां खंय इचारलंस?"

या धंद्याची मेख त्या एका रकान्यात आहे. बाजारात दलालाला पेटी दिली की आंबा कधी पिकेल याची काळजी पुढच्याची. थेट घरी पाठवताना मात्र फळ आणि गिऱ्हाईक यांच्यामध्ये कोणीच नसतं. पेटी आली आणि आठवडाभर दगडासारखी राहिली, तरी फोन येतो. पेटी उघडली आणि निम्मे आंबे गळपटलेले निघाले, तर अर्थातच येतो.

२०२५ सालचा अक्षय्य तृतीयेचा आठवडा सांगतो. सण बुधवारी, ३० एप्रिलला होता. पुण्याच्या ६४ पेट्यांची नोंदणी झाली होती, प्रत्येकी एक डझन, आणि जवळजवळ सगळ्यांना त्याच दिवशी आमरस हवा होता. नोंदणी काढणीच्या दोन दिवस आधी बंद केली आणि पैसे आगाऊ घेतले. माणसांवर अविश्वास म्हणून नव्हे, तर झाडावरून उतरवलेला आंबा परत चढवता येत नाही म्हणून.

भावाच्या वहीत दरवर्षीच्या नोंदी आहेत. मार्चअखेरचा आंबा पेंढ्यात दहा-बारा दिवस घेतो, मेमधल्या उकाड्यात सात-आठ दिवसांत होतो. एप्रिलच्या शेवटाला त्याने नऊ दिवस धरले आणि ३० तारखेपासून मागे मोजत सोमवार, २१ एप्रिल ही काढणीची तारीख ठरवली.

काढायचं ते 'चौदा आणे' तयार झालेलं फळ. म्हणजे देठाजवळचे खांदे भरून वर आलेले, देठाशी खळगा पडलेला आणि गडद हिरवा रंग थोडा फिकटलेला. सोळा आणे होईपर्यंत झाडावर ठेवला तर आंबा दिसतो झकास, पण आत साका होण्याची भीती वाढते. साका म्हणजे कोयीभोवतीचा गर पांढुरका, स्पंजासारखा आणि आंबट राहतो. बाहेरून तो अजिबात कळत नाही. तापलेल्या कातळाच्या सड्यावरच्या बागांना हा त्रास जास्त, म्हणून काढणी सकाळी लवकर करायची आणि फळ ताबडतोब सावलीत न्यायचं. उतरवताना झेला वापरायचा आणि दोन-तीन सेंटिमीटर देठ राखायचा. देठ मुळापासून तुटला की चीक उडतो, साल भाजते, आणि आज दिसणारा तो बारीक ओघळ आठ दिवसांनी काळा डाग होतो.

६४ डझन म्हणजे ७६८ फळं. त्यासाठी भावाने साडेनऊशे काढली. वरची एकशेऐंशीएक कशाला, असं मलाही वाटलं होतं. ते उत्तर पडवीत मांडलेल्या पिंपाजवळ मिळालं. साध्या पाण्यात आंबे सोडले की नीट तयार झालेलं फळ बुडतं आणि कोवळं तरंगतं. सत्तरेक फळं तरंगली. ती पिकायच्या ऐवजी सुरकुततात आणि आंबट राहतात, म्हणून ती घरच्या लोणच्या-पन्ह्याकडे गेली. चिकाने डागाळलेली, खरचटलेली, किंचित दबलेली पण तयार फळं कॅनिंगच्या ढिगात पडली.

त्यानंतर वजन. लोक प्रतवारी म्हणजे आकार समजतात, आणि अर्ज भरतानाही 'मोठे द्या' असं आवर्जून लिहितात. भाव आकारावर ठरतो हे खरं. भावाकडे दोनशे ते अडीचशे ग्रॅम आणि अडीचशे ते तीनशे ग्रॅम असे दोनच मुख्य ढीग असतात, आणि वजनकाट्यावरच्या मुलीला दोन तासांनी काट्याची गरजही उरत नाही. पण माझ्या मते खरी प्रतवारी तयारीची असते. एका पेटीतली बाराही फळं एकाच दिवशीची, एकाच बहराची आणि सारख्या रंगाची हवीत. एक जरी पुढे गेलेलं असलं तर त्यातून सुटणारा वायू बाकीच्यांना अवेळी पिकवायला लागतो. मग घरचे लोक रोज तीन आंबे निवडत बसतात आणि आमरसाला एकदम बारा मिळत नाहीत. लहान आंब्याची तक्रार क्वचित येते, मागेपुढे पिकल्याची दरवर्षी येते.

धुतलेलं फळ पंख्याखाली पूर्ण वाळवल्याशिवाय भरायचं नाही. भाताचा पेंढाही कडकडीत कोरडा हवा. ओल राहिली की देठापासून कुजायला सुरुवात होते. पुठ्ठ्याच्या पेटीला चारही बाजूंनी भोकं असतात, कारण फळ श्वास घेतं आणि आत ऊब साठते. पेट्या एकमेकींवर रचताना ती भोकं बुजतात, हे विसरून चालत नाही.

आता पाठवायचं कधी? सोय म्हणाल तर रविवार, २७ तारीख. सगळे घरी असतात, पेटी हातात देता येते आणि तीन दिवसांत सण. आदल्या वर्षी त्याने तेच केलं होतं. फळं पाच दिवस अढीत ठेवली आणि रंग धरू लागल्यावर पाठवली. एका खासगी बसने पेट्या टपावर टाकल्या, घाटात त्या हादरल्या, आणि निम्म्या आंब्यांना कडेला मऊ डाग पडले. नरमू लागलेलं फळ प्रवास सोसत नाही.

म्हणून या खेपेला कडक, हिरवी फळं मंगळवारी संध्याकाळी गाडीत चढली आणि बुधवारी, २३ तारखेला पहाटे पुण्यात उतरली. ऑफिसचा वार असल्याने अर्धी घरं बंद होती. पण कडक आंब्याची पेटी सोसायटीच्या गेटवर सावलीत संध्याकाळपर्यंत राहिली तरी बिघडत नाही. रंग धरलेल्या पेटीला ते परवडलं नसतं. कोथरूड-वारजे एका टेम्पोने आणि हडपसरकडची घरं दुसऱ्याने केली, ऊन चढायच्या आत सगळं वाटून झालं.

प्रत्येक पेटीवर काढणीची तारीख आणि 'साधारण ३० एप्रिलला तयार' अशी चिठ्ठी होती. आत दुसरी सूचना: पेंढ्यातच एका थरात ठेवा, दाबून बघू नका, घमघमाट सुटला आणि साल किंचित सैल झाली की कापा.

६४ पैकी पाच घरांचे फोन आले. दोन ठिकाणी एकेका फळात साका निघाला. कापलेल्या फळाचा फोटो बघून भावाने पुढच्या खेपेला बदली आंबे दिले. दोन ठिकाणी आंबा शुक्रवारी, म्हणजे दोन दिवस उशिरा पिकला, कारण पेटी एसीच्या खोलीत होती. पाचवे गृहस्थ फारच चिडले होते. आठ दिवस झाले, आंबे हिरवेच आहेत आणि सालीवर खड्डे पडलेत म्हणाले. भावाने विचारलं, पेटी ठेवली कुठे?

"फ्रिजमध्ये. खराब होऊ नयेत म्हणून."

कच्चा हापूस बारा-तेरा अंशांच्या खाली ठेवला की पिकणंच थांबतं आणि साल काळवंडते. चिठ्ठीत ते लिहिलेलं होतं, चौथ्या ओळीत. भावाने ती ओळ पेटीच्या झाकणावर बाहेरून छापून घेतली आहे, लाल अक्षरांत, आणि अर्जात एक नवा रकाना वाढवला आहे: घरी पेटी कोण उघडणार?