वेबिनारचा मराठी गोषवारा करताना

आपल्या मंडळातील बऱ्याच सभासदांचे छोटे उद्योग आहेत. बँक-कर्जावरील वेबिनारचे रेकॉर्डिंग तास-दीड तासाचे असते, इंग्रजीत असते, आणि ते पूर्ण ऐकायला दुकान सोडून कोणाला वेळ नसतो. म्हणून आम्ही काही निवृत्त मंडळी त्याचा एका पानाचा मराठी गोषवारा करतो. त्याची पद्धत एका उदाहरणाने सांगतो.

विषय घेऊ खेळत्या भांडवलाचा. लघुउद्योगांना ५ कोटी रुपयांपर्यंतची मर्यादा ठरवताना बँका नायक समितीचे उलाढालीवर आधारित सूत्र वापरतात. अंदाजित वार्षिक उलाढालीच्या २५ टक्के ही खेळत्या भांडवलाची गरज धरायची. त्यातील उलाढालीच्या किमान २० टक्के बँक देते आणि ५ टक्के उद्योजकाने स्वतः घालायचे.

पहिल्यांदा रेकॉर्डिंग न थांबवता ऐकावे. दुसऱ्यांदा ऐकताना प्रत्येक आकड्यासाठी चार गोष्टी टिपाव्यात : रेकॉर्डिंगमधील मिनिट, आकडा, तो कशाचा आहे, आणि त्याची अट. 'बँक २० टक्के देते' एवढेच लिहिले, तर वाचणारा गरजेच्या २० टक्के समजेल. आधार उलाढाल आहे, तीही अंदाजित, आणि २० टक्के ही किमान पातळी आहे. हे तीन शब्द गळले की आकडा बरोबर असूनही अर्थ चुकतो.

मग बेरीज करून पाहावी. उलाढाल २ कोटी असेल, तर गरज ५० लाख, बँकेचे ४० लाख आणि उद्योजकाचे १० लाख. इंग्रजीत 'फोर्टी' आणि 'फोर्टीन' कानाला सारखेच लागतात. १४ लाख टिपले, तर १४ आणि १० मिळून ५० होत नाहीत, म्हणजे ते मिनिट पुन्हा ऐकून पडद्यावरील स्लाइडशी ताडायचे. वक्ता मिलियनमध्ये बोलत असेल, तर १ मिलियन म्हणजे १० लाख.

संज्ञांचे भाषांतर जपून करावे. 'मार्जिन' म्हणजे येथे उद्योजकाचा स्वतःचा वाटा, पण दुकानदार त्याचा अर्थ नफा घेतो. बँकेच्या कागदावर मार्जिनच छापलेले असते, म्हणून तो शब्द तसाच ठेवून पहिल्या वेळी अर्थ द्यावा आणि पुढे शब्द बदलू नये. 'टर्नओव्हर'ला उलाढाल चालते. नफा किंवा मिळकत कधीही नाही.

तयार गोषवारा असा होतो : "अंदाजित वार्षिक उलाढाल २ कोटी असल्यास खेळत्या भांडवलाची गरज ५० लाख धरली जाते. मार्जिन, म्हणजे उद्योजकाचा स्वतःचा वाटा, १० लाख. बँकेची मर्यादा किमान ४० लाख. (मिनिट २३)"

कंसातले मिनिट ज्याला शंका येईल त्याच्यासाठी. त्याने तेवढाच भाग ऐकावा.