स्थिर चित्रामागचा आवाज

पॉडकास्टचा भाग एकाच स्थिर चित्रासह यूट्यूबवर टाकला, की बघण्यासारखं काही उरत नाही. आत काय आहे, हे शब्दांनीच सांगावं लागतं.

समजा, हापूसच्या बागायतदाराशी तासभर गप्पा झाल्या. ‘भाग ४७ : आंबा विशेष’ या शीर्षकातून काहीच कळत नाही. ‘हापूसची फळं का गळतात?’ असा प्रश्न आधी, मग पाहुण्यांचं नाव आणि भागाचा क्रमांक शेवटी ठेवावा. शीर्षकाला १०० अक्षरांची मर्यादा असते आणि मोबाइलवर त्याची शेपटी कापली जाते. पाहुण्यांचं नाव त्यांनाच विचारून लिहावं. वर्णनात ते देवनागरी आणि रोमन अशा दोन्ही लिपींत दिलं, तर कुठल्याही लिपीत शोधणाऱ्याला सापडतं.

विषयांची यादी वर्णनात अशी द्यावी:

```
00:00 ओळख
04:10 मोहोर
19:30 फळगळ
41:05 काढणी
```

पहिली वेळ `00:00` नसेल, तर यूट्यूब या यादीवरून प्रकरणं पाडत नाही. किमान तीन वेळा चढत्या क्रमाने हव्यात आणि प्रत्येक प्रकरण निदान १० सेकंदांचं हवं.

नेहमीची चूक वेगळीच असते. वेळा टिपून झाल्यावर सुरुवातीला २५ सेकंदांचं संगीत जोडलं जातं. मग ‘फळगळ’वर बोट ठेवणाऱ्याला आधीच्या वाक्याचं शेपूट ऐकू येतं; खरा विषय `19:55` ला सुरू होतो. म्हणून वेळा अंतिम फाइल ऐकूनच लिहाव्यात आणि चढवल्यावर प्रत्येक ओळ दाबून पाहावी.