मगरीचं तोंड कुणाकडे? पहिलीतल्या > आणि < चिन्हांची उकल

धुळे : पांझरेच्या डोहात एक मगर राहते. तिला सतत भूक लागलेली असते. तिच्या एका बाजूला ४ मासे, दुसऱ्या बाजूला ९. ती तोंड कुणाकडे वासेल? पहिलीतलं पोर लगेच ओरडतं, ‘नऊकडे!’ मग ४ < ९ यातलं चिन्ह म्हणजे मगरीचा उघडा जबडा, एवढं सांगितलं की काम झालं. (मगर गोष्टीपुरतीच हं!)

गोष्ट मुलांना आवडते. अडचण कळते ती पुढे. ४ < ९ बरोबर लिहिलेल्या मुलाला ‘आता वाच’ म्हणून पाहा. अनेकदा उत्तर येतं, ‘नऊ मोठा.’ खरं आहे, पण त्यानं चिन्ह वाचलेलं नाही, मगर काय खाते ते सांगितलं. डावीकडून बोट फिरवत ‘चार हे नऊपेक्षा लहान’ असं म्हणून घ्या. मग जागा बदला : ९ > ४, ‘नऊ हे चारपेक्षा मोठे’.

आणि ८ अन् ८ असतील तर? मगर गोंधळते. इथे काडेपेटीतल्या दोन काड्या कामाला येतात. समांतर ठेवल्या की दोन्ही टोकांना अंतर सारखं, म्हणून =. एका बाजूची टोकं जुळवली की एक बाजू रुंद, एक टोकदार. रुंद बाजू मोठ्या संख्येकडे. इंग्रज गणिती थॉमस हॅरियट यांच्या १६३१ मध्ये, मृत्यूनंतर दहा वर्षांनी छापलेल्या पुस्तकात ही चिन्हं आली. त्यात मगर नव्हती.

दोन अंकी संख्यांत मात्र चूक चिन्हात नसते, आपल्या संख्यानामांत असते. समजा, तुम्ही सांगितलं, ‘तेवीस आणि एकतीस’. ‘तेवीस’मधला तीन आधी ऐकू येतो, म्हणून मूल ३२ लिहितं आणि पुढे ३२ > ३१ करतं. लिहिलेल्या संख्यांसाठी चिन्ह अगदी बरोबर आहे! फक्त चिन्ह खोडून < केलं, तर मूल आणखी गोंधळेल. दहा-दहा काड्यांचे गठ्ठे बांधून द्या. तेवीस म्हणजे २ गठ्ठे, ३ सुट्या. एकतीस म्हणजे ३ गठ्ठे, १ सुटी. आधी गठ्ठे मोजायचे, ते सारखे निघाले तरच सुट्यांकडे बघायचं. मग २३ < ३१ ते स्वतःच लिहितं.

३ आणि ६ सुद्धा असेच फसवतात. छत्तीसचा आकडा म्हणतो ना आपण, दोघांची तोंडं उलट. मुलानं ६ ऐवजी ३ काढला असेल, तर आधी तेवढे खडे मोजायला सांगा.

आज रात्री एवढंच द्या, आणि प्रत्येक उत्तर मोठ्यानं वाचून घ्या :

७ __ ३
१२ __ २१
१९ __ २०
१५ __ १५
__ < ५

‘एकोणीस’ ऐकायला विसाहून लांबलचक, तिथे जरा थांबा. शेवटच्या गणिताला एकच उत्तर नाही. ०, १, २, ३, ४ यांतलं कुठलंही चालतं. ‘अजून एक सांग’ म्हणत राहा.