टीपॉयला पाय जोडताना

निमुळते लाकडी पाय टेबलाच्या फळीला जोडण्यासाठी दोन वस्तू लागतात: लोखंडी प्लेट आणि हँगर बोल्ट. या बोल्टला डोके नसते. त्याच्या एका टोकाला लाकडात शिरणाऱ्या स्क्रूचे आटे असतात, दुसऱ्या टोकाला नट बसेल असे बारीक आटे. पहिले टोक पायात जाते. दुसरे, फळीखाली बसवलेल्या प्लेटच्या आटेदार भोकात. त्यामुळे पाय हाताने फिरवून बसवता आणि काढता येतो. हेअरपिन पायांना हँगर बोल्ट लागत नाही. त्यांच्या वाकवलेल्या सळ्या प्लेटलाच वेल्ड केलेल्या असतात आणि प्लेट थेट फळीला स्क्रूने बसते.

समजा, १८ मिमी प्लायवूडच्या टीपॉयला ४० सेंमी लांबीचे पाय १० अंश बाहेर कलते ठेवून लावायचे आहेत. इतक्या कलाने पायाचे टोक सुमारे ७ सेंमी बाहेर जाते. कल कोपऱ्याच्या दिशेने असला, तर ते दोन्ही कडांकडे ५-५ सेंमी सरकते. म्हणून प्लेटचे भोक दोन्ही कडांपासून ८ सेंमी आत आखावे. मग पाय ३ सेंमी आत राहतो आणि चालणाऱ्याच्या पायात येत नाही.

प्लेट २ मिमी जाड असेल, तर १६ मिमीचा स्क्रू फळीत १४ मिमी जातो आणि वर ४ मिमी लाकूड शिल्लक राहते. ड्रिलच्या बिटला १२ मिमीवर चिकटपट्टीची खूण केली, की भोक आरपार जाण्याची भीती नाही.

पायातले भोक जाड टोकाच्या बरोबर मध्यावर आणि सरळ हवे. ८ मिमीच्या बोल्टसाठी ६ मिमीचे बिट चालते. सागवानासारख्या टणक लाकडात अर्धा मिमी मोठे घ्यावे. भोक लहान पडले, तर बोल्ट फिरवताना पाय उभा चिरतो. बोल्टच्या बारीक आट्यांवर दोन नट एकमेकांवर घट्ट आवळावेत आणि वरच्या नटाला पाना लावून बोल्ट आत फिरवावा. मग नट सोडवून काढावेत.

पाय प्लेटला टेकण्याआधीच अडला, तर बाहेर राहिलेला बोल्ट जास्त लांब आहे आणि त्याचे टोक फळीला टेकले आहे. जोर केल्यास प्लेटचे स्क्रू उपटले जातात. त्याऐवजी बोल्ट पायात आणखी फिरवावा, किंवा प्लेट काढून फळीत त्या जागी उथळ खड्डा करावा.

या जोडाला मर्यादाही आहे. टेबल ढकलले, की सगळा ताण प्लेटच्या आखूड स्क्रूंवर येतो आणि पाय जितका उंच, तितका तो वाढतो. भुसा दाबून केलेल्या पार्टिकल बोर्डमध्ये ही भोके लवकर मोठी होतात आणि टेबल डुगडुगू लागते. अशा फळीखाली प्लेटच्या जागी आधी प्लायवूडचा तुकडा गोंदाने चिकटवावा. जेवणाच्या उंच टेबलाला मात्र पायांना आपसात जोडणारी लाकडी चौकटच हवी.