एका छोट्या स्लॅबला किती गोण्या लागतात?

मंडळ्यांमध्ये पाड्यांवरील घरांविषयी बोलायला गेलो की सभेनंतर कोणीतरी हमखास विचारते, "एका घराच्या स्लॅबला सिमेंटच्या किती गोण्या लागतात? तेवढ्या आमच्या कुटुंबातर्फे घ्या." प्रश्न प्रेमाचा असतो आणि त्याचे उत्तरही सोपे आहे : चौदा. पण चौदा गोण्या मिळाल्या म्हणजे छप्पर झाले असे होत नाही. हिशेब केला तर स्लॅबवर खर्च होणाऱ्या रुपयातले फक्त चौदा पैसे सिमेंटचे असतात. बाकीचे शहाऐंशी पैसे कोठे जातात ते आपणां सर्वांना ठाऊक असावे म्हणून नवापूर तालुक्यातील एका पाड्यावरच्या खोलीचा हिशेब येथे मांडतो. दर आम्हांला त्या वेळी मिळाले तेच धरले आहेत. आपल्या गावी ते कमीजास्त असतील, मापे मात्र तीच राहतील.

खोली आतून १० फूट बाय १० फूट, भिंती ९ इंची विटांच्या. भिंतीच्या बाहेर चारी बाजूंनी ३ इंच काढले की स्लॅब १२ बाय १२ फूट, म्हणजे १४४ चौरस फुटांचा होतो. जाडी ५ इंच. याचे काँक्रीट बरोबर ६० घनफूट भरते. प्रमाण एक भाग सिमेंट, दीड भाग वाळू आणि तीन भाग खडी. ओले मिश्रण बसले की आकसते, म्हणून ६० घनफुटांसाठी कोरडा माल साधारण ९२ घनफूट लागतो. त्यात सिमेंट चौदा गोण्या, वाळू २५ घनफूट आणि खडी ५० घनफूट. एखादी गोणी फाटते, थोडे सांडते, म्हणून आम्ही पंधरा आणतो. ३८० रुपयांप्रमाणे त्यांचे ५,७०० रुपये झाले.

आता वाळूकडे या, कारण छोट्या स्लॅबची खरी अडचण येथे सुरू होते. वाळू आणि खडी ब्रासने विकली जाते आणि एक ब्रास म्हणजे १०० घनफूट. आपल्याला वाळू पाव ब्रास हवी, खडी अर्धा ब्रास. पण पाड्यापर्यंत पाव ब्रास घेऊन येणारा ट्रॅक्टरवाला मिळत नाही. डिझेल आणि ड्रायव्हरचा दिवस त्याला तेवढाच लागतो, म्हणून तो पूर्ण ट्रॉलीचेच पैसे मागतो आणि त्यात त्याची चूकही नाही. दगडाच्या क्रश वाळूची ट्रॉली ५,५०० आणि खडीची ३,५०० रुपयांना पडली. उरलेला माल जमिनीच्या कोब्याला वापरता येतो, तो वाया जात नाही, पण स्लॅबच्या दिवशी पैसे पूर्ण मोजावे लागतात.

ट्रॉली रिकामी होण्याआधी टेप लावावी. लांबी, रुंदी आणि मालाची उंची फुटांत मोजून गुणायची. नऊ फूट लांब, पाच फूट रुंद आणि दोन फूट उंच भरली असेल तर माल ९० घनफूट आहे, ब्रास नव्हे. वाळू ओलसर असेल तर ती फुगते आणि टोपली भरलेली दिसली तरी आत वाळू कमी असते. वाळूत माती किती आहे ते पाहायला काचेची बाटली पुरते : अर्धी वाळूने भरावी, वर पाणी घालून जोरात हलवावी आणि तासभर ठेवून द्यावी. वाळू तळाशी बसते आणि मातीचा थर तिच्यावर वेगळा दिसतो. हा थर बोटभर जाड दिसला तर ती वाळू स्लॅबला घेऊ नये, धुऊन घ्यावी किंवा परत पाठवावी.

लोखंडाचा खर्च सिमेंटपेक्षा जास्त आहे, हे ऐकून बहुतेकांना आश्चर्य वाटते. आमच्या इंजिनियरने दिलेल्या नकाशात एका बाजूने १० मिलिमीटरच्या सळया सहा-सहा इंचांवर आणि दुसऱ्या बाजूने ८ मिलिमीटरच्या तशाच होत्या. बारा फुटांत सहा इंचांवर पंचवीस सळया बसतात. बाजारात सळई चाळीस फुटांची मिळते, तिचे तीन तुकडे होतात, म्हणजे प्रत्येक बाजूला नऊ सळया. भिंतीजवळ वरच्या अंगाला द्यायला ८ मिलिमीटरच्या आणखी दोन घेतल्या. पूर्ण लांबीची १० मिलिमीटरची सळई सुमारे ७.४ किलो आणि ८ मिलिमीटरची सुमारे ४.७ किलो भरते. सगळे मिळून १२० किलो धरले, ६२ रुपयांनी ७,४४० रुपये झाले. दुकानात फक्त नगावर घेऊ नये, काट्यावर वजनही करून घ्यावे. नग बरोबर आणि वजन बरेच कमी आले तर सळई सांगितल्यापेक्षा बारीक आहे असे समजावे. बांधायची तार, सळईखाली ठेवायचे कव्हर ब्लॉक आणि प्लास्टिकचा कागद यांना आणखी ४०० रुपये. असा मालाचा खर्च २२,५४० रुपये झाला.

मजुरीत सर्वांत मोठा आकडा सेंटरिंगचा. ओला स्लॅब हवेत उभा राहत नाही. त्याच्याखाली लोखंडी प्लेटा आणि बल्ल्या उभ्या कराव्या लागतात आणि दोन आठवडे तशाच ठेवाव्या लागतात. हे सगळे साहित्य सेंटरिंगवाल्याचे असते, आपण केवळ भाडे आणि त्याची मेहनत देतो. त्याने या खोलीचे उक्ते ७,००० रुपये घेतले. लोखंड बांधायला किलोमागे दहा रुपयांनी १,२००. भराईच्या दिवशी मिक्सरचे भाडे २,५००, दोन गवंडी ८०० रुपयांनी १,६०० आणि आठ मजूर ४५० रुपयांनी ३,६००. एकूण १५,९०० रुपये. मिक्सर ओढून आणायला १,००० आणि सिमेंट-लोखंडाच्या टेम्पोला १,८०० रुपये वेगळे. सगळे मिळून ४१,२४० रुपये.

कोणी म्हणेल, मजूर कशाला, घरचीच माणसे काम करतील. करतात, आणि आनंदाने करतात. शेजारपाजारचे सहा जण आले तर २,७०० रुपये वाचतात. पण गवंडी आणि सेंटरिंगवाला यांची जागा त्यांनी घेऊ नये. बल्ली पोकळ जमिनीवर उभी केली तर काँक्रीटच्या वजनाने ती खचते. या छोट्या स्लॅबचेच वजन चार टनांच्या पुढे असते.

खर्च वाचवण्याचा मोह होतो तो नेमका चुकीच्या जागी होतो. पहिली जागा पाणी. मिश्रण पातळ केले की मजुरांना ते पसरायला सोपे जाते, दिवस लवकर संपतो, पण स्लॅब कमजोर होतो. एका गोणीला साधारण पंचवीस ते सत्तावीस लिटर पाणी पुरते, तीस लिटरच्या वर कधीच नको, आणि वाळू ओली असेल तर त्याहूनही कमी. आम्ही मिक्सरजवळ मापाची बादली ठेवतो आणि पाइपला हात लावू देत नाही. दुसरी जागा सळईखालचे ब्लॉक. ते दिले नाहीत तर सळई प्लेटेवर टेकते आणि तिच्याखाली काँक्रीट राहतच नाही. पाऊण इंचाचे आवरण हवे. ते नसेल तर काही पावसाळ्यांनंतर छताला खालून तांबूस रेघा दिसू लागतात, मग पापुद्रे सुटतात. त्या रेघा सळईच्या ओळीतच असतात, म्हणून कारण लगेच ओळखता येते.

तिसरी जागा पाणी मारणे, आणि याचा खर्च कोणाच्याच अंदाजपत्रकात नसतो. स्लॅब भरल्यावर दुसऱ्या दिवशी त्यावर मातीचे आळे करून पाणी साठवतात आणि ते निदान दहा दिवस टिकवावे लागते. एक इंच पाणी साठवायचे तर सुमारे ३४० लिटर लागते, आणि काँक्रीट कालवायलाही जवळजवळ तेवढेच लागलेले असते. पंधरा लिटरचा हंडा धरला तर आळे पहिल्यांदा भरायलाच तेवीस हंडे झाले, ते शिडीवरून वर चढवायचे, आणि उन्हाने आटेल तसे रोज पुन्हा भरायचे. मे महिन्यात पाड्यावरचा हातपंप कोरडा पडलेला असतो आणि हंडे आणणाऱ्या बायाच असतात. म्हणून आम्ही आता स्लॅब शक्यतो फेब्रुवारीपर्यंत भरतो, जेव्हा पाणी जवळ असते. उशीर झालाच तर टँकरचे पैसे आधी बाजूला काढतो.

गोण्यांच्या भेटीविषयी थोडे स्पष्ट लिहितो. सिमेंट साठवून ठेवायची वस्तू नाही. तीन महिन्यांत त्याची ताकद लक्षणीय घटते, आणि पावसाळ्यात मातीच्या जमिनीवर रचलेली गोणी हवेतला ओलावा ओढून आतून घट्ट होते. एका ठिकाणी प्रेमाने पाठवलेल्या गोण्या सेंटरिंगच्या पैशांची वाट पाहत पडून राहिल्या आणि शेवटी त्या पायरीला दगड म्हणून रचाव्या लागल्या. गोणीत हात घालून पाहावे : सिमेंट पिठासारखे मऊ आणि थंड लागले तर चांगले. गोळे असतील आणि ते बोटांनी दाबून फुटत नसतील तर ते स्लॅबला वापरू नये. म्हणून ज्यांना गोण्याच द्यायच्या आहेत त्यांनी तेवढी रक्कम द्यावी. सिमेंट आम्ही भराईच्या आठवड्यातच उचलतो.

आणि शक्य असेल तर एका घराऐवजी जवळच्या दोन घरांचे स्लॅब एकाच दिवशी भरावेत. दोन स्लॅबना वाळू ५० घनफूट आणि खडी १०० घनफूट लागते, म्हणजे वाळूची एकच ट्रॉली आणि खडीची एकच ट्रॉली दोघांना पुरते. मिक्सर एक, त्याला ओढून आणणेही एकदाच. वाळूचे ५,५००, खडीचे ३,५००, मिक्सरचे २,५०० आणि ओढून आणण्याचे १,००० असे १२,५०० रुपये वाचतात, म्हणजे घरटी सव्वासहा हजार. अट एवढीच की सेंटरिंगवाल्याकडे दोन्ही घरांपुरत्या प्लेटा हव्यात आणि दोन्ही भिंती एकाच वेळी स्लॅबपर्यंत आलेल्या हव्यात. खडीची ट्रॉली मात्र अशा वेळी टेप लावूनच घ्यावी, कारण १०० घनफूट लागणार आणि ट्रॉलीत ९० निघाले तर दुसऱ्या घराचा शेवटचा कोपरा अर्धवट राहतो. दुसऱ्या दिवशी तो भरला तर त्या सांध्यातून पाणी गळते.