एक डोळा लांबचा, एक जवळचा

“म्हणजे माझा एक डोळा फुकटच जाणार की!” कोथरूडच्या एक बँक अधिकारी मला म्हणाल्या. वय ४८, दोन्ही डोळ्यांना मायनस ३ नंबर, कॉलेजपासून कॉन्टॅक्ट लेन्सची सवय. आता व्हाउचरवरचे बारीक आकडे लागेनात, आणि लेन्स घालून वर पुन्हा चाळिशी चढवायची त्यांची तयारी नव्हती. मी त्यांना मोनोव्हिजन सुचवलं होतं. उजव्या डोळ्यात नेहमीची मायनस ३ लांबच्यासाठी, आणि डाव्यात मायनस दीड जवळच्यासाठी. वाचनाचा प्लस दीड नंबर डाव्या लेन्सच्या नंबरातून वळता करून घेतला, एवढंच. दोन्ही लेन्स अगदी साध्या, नेहमीच्याच.

त्यांची शंका माझ्याकडे जवळजवळ प्रत्येक जण काढतो. मेंदू एक डोळा ‘बंद करतो’ अशी समजूत आहे. तसं होत नाही. मेंदू डोळा बंद करत नाही, फक्त धूसरपणा बाजूला सारतो, आणि तोही नजरेच्या मध्यभागी, जिथे आपण रोखून बघतो तिथे. भोवतालचं दृश्य दोन्ही डोळ्यांकडून येतच राहतं. लक्ष्मी रोडवरची पाटी वाचताना उजव्या डोळ्याचं चित्र वरचढ ठरतं, हातातली पावती बघताना डाव्याचं. ही अदलाबदल आपल्याला कळतही नाही. मात्र पहिल्या आठवड्यात लोक एक खोड करतात. आलटून पालटून एकेक डोळा झाकून ‘हा कसा दिसतो, तो कसा दिसतो’ हे तपासत बसतात. झाकून बघितलं की एक डोळा धूसर दिसणारच, तो मुद्दाम तसा ठेवलेला आहे. मेंदूला निवड शिकायची असते ती दोन्ही डोळे उघडे असताना, म्हणून मी पहिल्या दिवशीच सांगतो, हात खाली.

दुसरी भीती डोळा ‘आळशी’ होण्याची. लहानपणी, साधारण सात-आठ वर्षांपर्यंत, एका डोळ्याचं चित्र सतत धूसर राहिलं तर त्या डोळ्याची नजर कायमची मंद राहू शकते, हे खरं. पण तो मेंदूच्या घडणीचा काळ असतो. चाळिशीतल्या माणसाने मोनोव्हिजन घातल्याने डोळा मंदावत नाही. लेन्स काढा, चष्मा लावा, नजर होती तिथेच असते.

लांबचं कोणत्या डोळ्याला द्यायचं, हा मात्र नीट बघण्याचा प्रश्न आहे. ‘मी उजवा, म्हणून डोळाही उजवा’ हे गणित चालत नाही. हाताचा आणि डोळ्याचा कल वेगवेगळा असू शकतो. दोन्ही तळहात पुढे धरून मधल्या तिकोनी फटीतून दूरचं घड्याळ बघायला सांगायचं आणि एकेक डोळा मिटायला लावायचा, ही चाचणी सगळ्यांना माहीत असते. ज्या डोळ्याला घड्याळ दिसत राहतं तो मुख्य. मी तेवढ्यावर थांबत नाही. दोन्ही डोळे उघडे ठेवून लांब बघायला लावतो आणि प्लस दीडची काच आधी एका, मग दुसऱ्या डोळ्यापुढे धरतो. ज्या डोळ्यापुढे ती काच कमी खुपते, तो जवळच्यासाठी. दोन चाचण्यांची उत्तरं कधी जुळत नाहीत. तेव्हा मी दुसरीवर जास्त विसंबतो, आणि आठवडाभरात जमलं नाही तर डोळे उलटे करून बघतो.

‘सवय होतेच हो’ असं दुकानात सांगितलं जातं. सगळ्यांना होत नाही. १९९६ साली या विषयावरच्या अनेक अभ्यासांचा एकत्र आढावा छापून आला, त्यात यशाचं सरासरी प्रमाण ७३ टक्के होतं. म्हणजे चौघांतला एक परत येतो, आणि त्यात त्याचा दोष काही नसतो. काहींच्या मेंदूत एका डोळ्याचा पगडा इतका घट्ट असतो की दुसऱ्याच्या हाती सूत्रं जातच नाहीत. लहानपणी तिरळेपणा होता किंवा दबलेला तिरळेपणा आहे, अशांना तर एकाची दोन चित्रं दिसू लागण्याचा धोका असतो. त्यांना ही लेन्स द्यायचीच नाही. बाकीच्यांना दोन-तीन आठवडे पुरतात. तेवढ्यात जमलं नाही तर ओढत नेण्यात अर्थ नाही.

आमच्या बँकेच्या बाईंना दहा दिवसांत जमलं. तक्त्यावर शेवटची ओळ, हातात बारीक अक्षर, दोन्ही पास. आणि इथेच सगळ्यात मोठा गैरसमज आहे: खुर्चीत बसून नीट वाचता आलं म्हणजे लेन्स जमली. खुर्चीसमोरचा तक्ता हलत नाही. नळस्टॉपच्या चौकात सगळंच हलतं.

यात दोन गोष्टी आहेत. खोली जोखण्याची जी बारीक शक्ती दोन डोळ्यांच्या जोडीतून येते ती मोनोव्हिजनमध्ये घटते. सुईत दोरा ओवताना किंवा जिन्याची शेवटची पायरी उतरताना हे जाणवतं. दुसरी गोष्ट अधिक चमत्कारिक आहे, आणि ती समजायला घरी एक प्रयोग करा. दोऱ्याला किल्ली बांधून समोरच्या माणसाला ती डावी-उजवी झुलवायला सांगा. एका डोळ्यापुढे गॉगलची काच धरा आणि दोन्ही डोळ्यांनी बघा. सरळ रेषेत झुलणारी किल्ली लंबगोल फिरताना दिसेल. काळ्या काचेमागच्या डोळ्याचा संदेश मेंदूत किंचित उशिरा पोचतो, म्हणून मेंदू खोलीत फसतो. १९२२ साली कार्ल पुल्फ्रिख या जर्मन शास्त्रज्ञाने हा परिणाम मांडला, आणि तो स्वतः एका डोळ्याने आंधळा होता.

मोनोव्हिजनमध्ये काळी काच नसते, धूसरपणा असतो, आणि त्याने उलट घडतं. हे २०१९ मध्ये अमेरिका आणि स्पेनमधल्या संशोधकांनी प्रयोगाने दाखवलं. बारीक तपशील उलगडायला मेंदूला वेळ लागतो. धूसर चित्रात तपशीलच कमी, म्हणून ते काही मिलिसेकंद आधी पोचतं. काही मिलिसेकंदांनी काय फरक पडतो? ताशी २५ किलोमीटरने समोरून आडवी जाणारी दुचाकी एका मिलिसेकंदात जवळपास ७ मिलिमीटर सरकते. दोन मिलिसेकंदांचा फरक धरला तर दोन डोळ्यांना ती १४ मिलिमीटरच्या अंतराने दोन ठिकाणी दिसते. आपल्या दोन डोळ्यांतलं अंतर आहे सहा सेंटीमीटरच्या आसपास. त्यामानाने १४ मिलिमीटर थोडेथोडके नव्हेत. नुसत्या या एका खुणेवर मेंदूने हिशेब केला, तर दहा मीटरवरची गाडी त्याला तेरा मीटरवर वाटेल.

कोणत्या दिशेची गाडी लांब वाटेल हे डोळ्यावर ठरतं. डावा डोळा जवळचा असेल तर उजवीकडून डावीकडे जाणारी गाडी आहे त्यापेक्षा लांब वाटते, आणि उलट दिशेची जवळ. आपण डावीकडून गाडी चालवतो. गल्लीतून कर्वे रोडवर येताना आपल्याला सगळ्यात जवळून जाणारी गाडी उजवीकडूनच येते. उजवा डोळा मुख्य असणारे अधिक, त्यामुळे डावा डोळा जवळचा हीच मांडणी सर्वांत जास्त दिली जाते. म्हणजे आपल्या रस्त्यावर नेमकी नको ती चूक. अर्थात मेंदू एकाच खुणेवर चालत नाही. गाडीचा आकार, रस्त्यावरची तिची जागा, पुढच्या गाडीने ती झाकली का, हे सगळं तो जमेला धरतो, म्हणून रोज अपघात होत नाहीत. पण पाऊस आणि अंधार या इतर खुणा पुसून टाकतात.

याचं सर्वांत गाजलेलं उदाहरण विमानाचं आहे. १९ ऑक्टोबर १९९६ रोजी डेल्टा एअरलाइन्सचं एक विमान न्यूयॉर्कच्या लाग्वार्डिया विमानतळावर उतरताना धावपट्टीआधीच्या दिव्यांच्या बांधकामाला धडकलं. खाली पाणी, बाहेर पाऊस, अंतराचा अंदाज देणाऱ्या खुणा कमी. सगळे ६३ जण वाचले. चौकशीत कॅप्टनच्या डोळ्यात मोनोव्हिजन लेन्स होत्या हे निघालं, आणि धावपट्टीचा अंदाज चुकण्याचं कारण म्हणून अहवालात त्याच नोंदल्या गेल्या. अमेरिकेत वैमानिकांना उड्डाणात या लेन्सची परवानगी नाही.

रात्रीचा त्रास साधा आहे आणि लगेच कळतो. काळ्या पार्श्वभूमीवरचा प्रखर ठिपका मेंदूला बाजूला सारता येत नाही. त्यात अंधारात बाहुली मोठी होते आणि धूसर वलयही मोठं होतं. कात्रजकडून नवले पुलाकडे उतरताना समोरच्या प्रत्येक हेडलाइटभोवती पिसारा दिसत असेल तर तो ‘सवयीने जाईल’ म्हणून वाट बघू नका.

बाईंची गाडी सहा वर्षं छान चालली. चौपन्नाव्या वर्षी त्या पुन्हा आल्या. आता वाचनाला सव्वादोन लागत होते, कोणीतरी डाव्या लेन्सचा नंबर मायनस पाऊणवर आणून दिला होता. वाचता येत होतं, पण बँकेच्या कॉम्प्युटरवर डोकं दुखायचं. कारण मापातच होतं. डाव्या डोळ्याला आता जेमतेम ४४ सेंटीमीटरपर्यंतच स्वच्छ दिसत होतं, आणि उजव्याला एका मीटरच्या पलीकडचं. मधल्या पट्ट्यात कोणाचीच सत्ता नाही, आणि स्क्रीन होता ६५ सेंटीमीटरवर. शिवाय दोन डोळ्यांतला फरक दोनच्या वर गेला की धूसरपणा दाबणं मेंदूला जड जातं. मी डावी लेन्स पुन्हा मायनस दीड केली. स्क्रीन परत आला, आणि औषधाच्या बाटलीवरचं बारीक अक्षर वाचायला पर्समध्ये एक चाळिशी आली. ज्यांना तेही नको त्यांना मल्टिफोकल लेन्स घालून बघता येते. तिथे दोन्ही डोळे एकत्र चालतात, पण अक्षराची धार थोडी कमी होते.

मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेत एका डोळ्यात लांबची, एका डोळ्यात जवळची लेन्स बसवण्याचा सल्ला आता अनेकांना मिळतो. कॉन्टॅक्ट लेन्स संध्याकाळी काढता येते, ती लेन्स काढता येत नाही. तेव्हा मोतीबिंदू फार वाढलेला नसेल तर आधी दोन आठवडे कॉन्टॅक्ट लेन्सवर हीच मांडणी जगून बघा, आणि त्यातल्या किमान दोन संध्याकाळी तरी रस्त्यावर काढा. गाडी मात्र दुसऱ्याला चालवू द्या.

आणि ज्यांना लेन्स जमली आहे त्यांनी गाडीसाठी एक चष्मा करून घ्यावा. आमच्या बाईंचा असा आहे: उजवीकडे बिननंबरची काच, डावीकडे मायनस दीड. लेन्सवरून तो घातला की दोन्ही डोळे लांबचे होतात. तो चष्मा स्कूटरच्या डिकीत असतो, आणि दिवेलागणीनंतर त्या त्याशिवाय किल्ली फिरवत नाहीत.